अरबी हवामान: आजचे ‘हार्र’ उद्या ‘हार्रन’ का होते? (आणि सलालाहच्या खरीफचे काय करायचे?)

सुनील_मस्कत

मी मस्कतला नोकरी करतो आणि आठवड्यातून दोनदा संध्याकाळच्या अरबी वर्गाला जातो. सध्या हवामान, ऋतू आणि भूप्रदेश यांचा धडा चालू आहे. वर्तमानकाळ फारच सुटसुटीत आहे. ‘अल-जव्वु हार्र’ म्हटले की हवा गरम आहे, आणि ‘आहे’साठी शब्दच लागत नाही. तेच वाक्य उद्याचे केले की मात्र ‘सयकूनु-ल-जव्वु हार्रन’ होते. मध्ये एक क्रियापद येते आणि लिहिताना ‘हार्र’च्या शेवटी एक जादा अलिफ चिकटतो. हा अलिफ सरसकट येत असता तर मी तो मुकाट्याने पाठ केला असता. पण ‘अस-समाउ साफिया’ (आकाश निरभ्र आहे) याचे भविष्य पुस्तकात ‘सतकूनु-स-समाउ साफिया’ असे छापले आहे आणि तिथे अलिफ नाही. मोबाइलवरच्या अरबी अंदाजातही काही विशेषणांना अलिफ दिसतो, काहींना दिसत नाही.

दुसरी शंका ऋतूंची आहे. पुस्तकात रबीअ म्हणजे वसंत, सैफ म्हणजे उन्हाळा, खरीफ म्हणजे शरद आणि शिता म्हणजे हिवाळा असे चार ऋतू आहेत आणि खरीफच्या चित्रात झाडाची पिवळी पाने गळताना दाखवली आहेत. माझी बदली सलालाहला होणार आहे, आणि तिथले सहकारी म्हणतात की खरीफ जूनमध्ये येईल. मग ‘खरीफमध्ये हवा कशी असेल’ या गृहपाठात मी काय लिहायचे?

खडूस_कारकून

आपण उगाच गुंता वाढवत आहात. अरबीत भविष्यकाळ असा वेगळा नाहीच. वर्तमानकाळापुढे ‘स’ लावला की काम संपते. ‘यह्तिलु-ल-मतर’ म्हणजे पाऊस पडतो आणि ‘सयह्तिलु-ल-मतर’ म्हणजे पाऊस पडेल. शेवटचे ‘उन’ आणि ‘अन’ परीक्षेपुरते असतात, बोलताना ते कोणीही उच्चारत नाही.

रेवा

कारकूनसाहेबांचे म्हणणे अर्धे बरोबर आहे. ‘स’ लावला की भविष्य होते हे खरे, परंतु तो ‘स’ फक्त वर्तमानकाळी क्रियापदालाच लागतो. ‘अल-जव्वु हार्र’ या वाक्यात क्रियापदच नाही, मग ‘स’ लावणार कशाला? म्हणून भाषा ‘यकूनु’ हे ‘असणे’ क्रियापद बाहेर काढते आणि त्याला ‘स’ जोडते. वर्तमानात जे क्रियापद पडद्याआड असते ते भविष्यात रंगमंचावर येते, आणि आले की विशेषणावर हुकूम गाजवते.

त्याचा हुकूम असा, की कर्ता जसा आहे तसाच राहील, पण कर्त्याविषयी जे सांगायचे आहे त्याच्या शेवटी ‘अन’ येईल. म्हणून ‘जव्वु’ बदलत नाही आणि ‘हार्रुन’चे ‘हार्रन’ होते. असा हुकूम गाजवणाऱ्या क्रियापदांच्या गटाला अरब वैयाकरण ‘काना आणि तिच्या बहिणी’ म्हणतात; ‘काना’ हे ‘यकूनु’चेच भूतकाळी रूप. ‘नाही’ सांगणारी ‘लैस’ हीसुद्धा त्यांतलीच एक बहीण आहे, त्यामुळे ‘लैस-ल-जव्वु हार्रन’ (हवा गरम नाही) हे वाक्य आजचे असूनही त्यात अलिफ येतो. म्हणजे अलिफचा संबंध भविष्यकाळाशी नसून त्या क्रियापदाशी आहे.

आता ‘साफिया’कडे वळू. तिलाही तोच हुकूम लागू आहे आणि पूर्ण उच्चार ‘साफियतन’ असाच आहे. फरक केवळ लेखनाचा आहे. स्त्रीलिंगी विशेषणाच्या शेवटी जी गोल ‘ता’ असते तिच्यापुढे हा अलिफ लिहीत नाहीत, तिच्यावर फक्त दोन तिरप्या रेघा देतात, आणि रोजच्या छपाईत त्या रेघा गाळल्या जातात. मोबाइलवर आपल्याला दिसतो तो फरक या एवढ्यानेच पडतो. सूर्य, आकाश आणि वारा, म्हणजे शम्स, समा आणि रीह, हे तिन्ही शब्द अरबीत स्त्रीलिंगी आहेत. हवा, पाऊस आणि धुके, म्हणजे जव्व, मतर आणि दबाब, हे पुल्लिंगी आहेत. पहिल्या तिघींना ‘सतकूनु’ लागते आणि विशेषणाला अलिफ येत नाही. दुसऱ्या तिघांना ‘सयकूनु’ लागते आणि अलिफ येतो.

साइटवाला

मी दुबईत बांधकामावर सुरक्षा अधिकारी आहे आणि मला कारकूनसाहेबांची बाजू पटते. ‘सयकूनु-ल-जव्वु हार्रन’ असे मी एकाही माणसाच्या तोंडून ऐकलेले नाही. आमचा इमाराती मुकादम म्हणतो, ‘बाचिर बयसीर हर्र’, म्हणजे उद्या गरम होईल. इथे ‘स’ नाही, ‘अन’ नाही, फक्त क्रियापदापुढे एक ‘ब’ आहे. १५ जून ते १५ सप्टेंबर या काळात दुपारी साडेबारा ते तीन उघड्यावरचे काम बंद ठेवावे लागते, त्यामुळे उद्याच्या उन्हाची चौकशी आमच्याकडे रोजच होते, आणि ती सगळी ‘ब’वरच चालते.

नाईल_काठी

साइटवाल्यांचा ‘ब’ कैरोत नेऊ नये ही विनंती, कारण तिथे त्याचा अर्थ उलटा होतो. दुबईत ‘बरूह’ म्हटले तर ‘मी जाईन’, आणि कैरोत तेच ‘बरूह’ म्हटले तर ‘मी जातो’. इजिप्तमध्ये भविष्यासाठी ‘ह’ लावतात: ‘बुकरा इद्-दुन्या हतिब्अ हर्र’, उद्या गरम होईल. तिथे गरम होते ती ‘जव्व’ नव्हे तर ‘दुन्या’, म्हणजे सगळी दुनियाच. पाऊसही दुनियाच पाडते: ‘इद्-दुन्या बित्मत्तर’, पाऊस पडतो आहे. दुबईचा ‘ब’ डोक्यात ठेवून हे वाक्य ऐकणारा माणूस पाऊस पुढे कधी तरी येईल असे समजून छत्री घरी ठेवील आणि भिजेल.

वसंताचेही तिथे वेगळेच आहे. पुस्तकातला रबीअ फुलांचा असतो. कैरोचा रबीअ खमासीन वाऱ्यांचा असतो. वाळवंटाकडून गरम वारा धूळ घेऊन येतो आणि आकाश पिवळे होते. ‘अस-समाउ सफ्रा’ हे वाक्य मी तिथे खिडकीत उभा राहून शिकलो.

खडूस_कारकून

मग माझे म्हणणे सिद्धच झाले. दुबईत ‘ब’, कैरोत ‘ह’, आणि ‘स’ फक्त पुस्तकात. जी भाषा कोणी बोलत नाही तिचे प्रत्यय घोकण्यात काय हशील आहे?

रेवा

बोलत नाहीत, पण वाचतात आणि ऐकतात. दूरदर्शनवरचे वार्तापत्र, हवामान खात्याचा इशारा आणि मोबाइलवरचा अंदाज हे तिन्ही प्रमाण अरबीत असतात, मग देश कोणताही असो. सुनीलरावांना सलालाहच्या बाजारात ‘ब’ लागेल आणि धुक्याचा इशारा वाचताना ‘स’ लागेल. शिवाय ‘अन’ हा एक प्रत्यय असा आहे की वाक्याच्या शेवटी थांबल्यावरही तो पुरता नाहीसा होत नाही. ‘हार्रुन’वर थांबलो तर ‘हार्र’ एवढेच उरते, पण ‘हार्रन’वर थांबलो तर ‘हार्रा’ असा दीर्घ स्वर उरतो. तो जादा अलिफ नेमका त्याच दीर्घ स्वराची खूण आहे. वृत्तनिवेदकाने ‘हार्रा’ म्हटले की वाक्यात मागे ‘सयकूनु’ किंवा ‘लैस’ असे काही येऊन गेले असणार हे ओळखता येते.

‘नाही’चे भविष्यही सांगून ठेवते, कारण नवशिका हमखास ‘ला सयह्तिलु’ असे जोडकाम करतो. भविष्यात नकार आला की ‘स’ निघून जातो आणि त्याच्या जागी ‘लन’ येते: ‘लन यह्तिल-ल-मतरु गदन’, उद्या पाऊस पडणार नाही. क्रियापदाच्या शेवटचा ‘उ’ जाऊन तिथे ‘अ’ येतो, एवढाच काय तो बदल आहे.

साइटवाला

ताई, आमच्या सरांनी सांगितले होते की ‘स’ म्हणजे लवकर होणारे आणि ‘सौफ’ म्हणजे बऱ्याच काळाने होणारे. मग उद्याच्या पावसाला ‘स’ आणि पुढच्या हिवाळ्याला ‘सौफ’ लावायचे का?

रेवा

जुन्या व्याकरणांत तसा भेद केलेला आढळतो आणि पुष्कळ शिक्षक तसेच शिकवतात. आजच्या वर्तमानपत्रांत मला तो पाळलेला दिसत नाही. ‘सौफ’ थोडे ठासून म्हटल्यासारखे वाटते, इतकेच मी म्हणेन.

नाईल_काठी

इथे माझे मत वेगळे आहे. मला शिकवणारे कैरोचे गृहस्थ पुढच्या ऋतूविषयी बोलताना ‘सौफ’च वापरत असत आणि विद्यार्थ्याने ‘स’ लावला तर ते थांबवून दुरुस्त करत असत.

बांधावरचा

मी शीर्षकातला खरीफ पाहून आत आलो. आमच्याकडे खरीप म्हणजे जूनची पेरणी: सोयाबीन, तूर, बाजरी. सलालाहला खरीफ जूनमध्येच येत असेल तर तिथे काय पेरतात आणि पाऊस किती पडतो?

सुनील_मस्कत

काका, प्रश्न भाषेचा होता, पण आपली शंका रास्त आहे. सहकाऱ्यांकडून कळले ते असे, की पाऊस आपल्यासारखा कोसळत नाही. ‘रधाध’ म्हणजे बारीक तुषार दिवसभर पडत राहतात. त्यामुळे डोंगर हिरवे होतात आणि त्यावर गाई व उंट चरतात. खाली सपाटीवर नारळ, केळी आणि पपई आहेत, पण त्या बागांना पाणी द्यावे लागते. पावसाच्या भरवशावरची आपल्यासारखी पेरणी मुख्य नाही.

रेवा

बांधावरच्या काकांमुळे सुनीलरावांच्या दुसऱ्या शंकेचे उत्तर सोपे झाले. आपले ‘खरीप’ आणि ‘रब्बी’ हे अरबीतले खरीफ आणि रबीअच आहेत. ते फारसीतून महसुलाच्या दप्तरात आले. तिथे पिकाला नाव मिळाले ते कापणीच्या ऋतूवरून. शरदात हाती येते ते खरीप आणि वसंतात हाती येते ते रब्बी. आपण मात्र पेरणीवर लक्ष ठेवतो, म्हणून आपल्याला खरीप म्हटले की जून आठवतो.

सलालाहचा खरीफ जूनमध्ये येतो त्याचे कारण यापेक्षा वेगळे आहे. सलालाह ज्या प्रांतात आहे त्या धोफारमध्ये नैर्ऋत्य मोसमी वाऱ्यांच्या ऋतूलाच खरीफ म्हणतात, साधारण २१ जून ते २१ सप्टेंबर, आणि तो संपल्यावर जो ऋतू येतो त्याला ‘सर्ब’ म्हणतात. हेच वारे आपल्याकडे पाऊस आणतात. धोफारच्या किनाऱ्यापाशी ते समुद्राचे वरचे पाणी दूर लोटतात आणि खालचे थंड पाणी वर येते. त्या थंड पाण्यावरून येणारी दमट हवा गार होऊन तिचे धुके बनते आणि ते किनाऱ्यामागच्या डोंगरांना अडून बसते. वर कोरड्या गरम हवेचे झाकण असल्यामुळे ढगांना उंच चढता येत नाही, म्हणून मोठा पाऊस न होता तुषार पडतात. त्याच दिवशी मस्कतमध्ये पारा चाळिशीच्या पुढे असू शकतो.

तेव्हा गृहपाठात ‘फि-ल-खरीफ’ लिहिण्याआधी दोन शब्द जोडून आपण कोणत्या गावाविषयी बोलत आहोत ते सांगावे: ‘फी सलालाह’.

मीनल_कुवेत

कुवेतमध्ये पुस्तकातल्या चार ऋतूंवर कोणीच थांबत नाही. उन्हाळ्याच्या शेवटी पहाटे सुहैल तारा दिसू लागला की म्हातारी माणसे म्हणतात, ‘तलअ सुहैल व बरद-ल-लैल’, सुहैल उगवला आणि रात्र गार झाली. हा सुहैल म्हणजे आपला अगस्त्य. प्रत्यक्षात त्या रात्री घामाच्या धाराच लागलेल्या असतात, पण म्हणीला त्याचे काही नाही. पुढे ऑक्टोबरच्या मध्यापासून ‘वस्म’ येतो. त्या काळात पाऊस चांगला झाला तर हिवाळ्याच्या शेवटी वाळवंटात ‘फगा’ नावाची जमिनीखालची कवके मिळतात, आणि त्यांचा भाव ऐकून डोळे पांढरे होतात.

सैफविषयी एक सूचना करते. देवनागरीत लिहून अरबी शिकणाऱ्यांनी हा शब्द जपून वापरावा. ठसक्याचा, जाड ‘स’ असेल तर सैफ म्हणजे उन्हाळा आणि साधा ‘स’ असेल तर सैफ म्हणजे तलवार. ‘सयाती-स-सैफ’ असे मी नाजूकपणे म्हटले, तेव्हा शेजारीण म्हणाली, ‘कोण घेऊन येणार आहे?’

खडूस_कारकून

कुवेतच्या जुलैत त्या दोन अर्थांत फारसा फरक नसावा.

साइटवाला

सुनीलराव ओमानमध्ये आहेत म्हणून एक कामाची गोष्ट सांगतो. ‘वादी’ शब्दाचे पुस्तकी भाषांतर ‘दरी’ असे असते आणि चित्रात हिरवी दरी असते. ओमानमध्ये वादी म्हणजे वर्षातले बहुतेक दिवस कोरडे राहणारे दगडगोट्यांचे पात्र, आणि रस्ते अनेकदा त्याच्यातूनच जातात. ‘अल-वादी जाफ्फ’, वादी कोरडी आहे, हे वाक्य दुपारी खरे असते आणि तासाभरात ‘अल-वादी यज्री’, वादी वाहते आहे, असे होते, कारण पाऊस आपल्या डोक्यावर नव्हे तर वर हजर नावाच्या डोंगररांगेत पडलेला असतो. इशाऱ्यात ‘औदिया’ म्हणजे वाद्या आणि ‘जरयान’ म्हणजे वाहणे हे शब्द एकत्र दिसले की गाडी तिथेच थांबवावी, मग समोर आकाश कितीही ‘साफिया’ असो. १६ एप्रिल २०२४ च्या पावसात अमिराती आणि ओमान या दोन्हीकडे पाण्याने काय केले ते सर्वांनी पाहिले आहे. अल ऐनजवळ खत्म अल शकला येथे २५४ मिलिमीटरहून अधिक नोंद झाली होती.

सुनील_मस्कत

सर्वांचे आभार. रेवाताईंच्या सांगण्याप्रमाणे मी सलालाहचे दोन चित्रांचे लेखन केले आहे. पहिले मे महिन्यातले, आजचे, म्हणजे हवा गरम, आकाश निरभ्र, वादी कोरडी, डोंगर तपकिरी आणि पाऊस नाही: ‘अल-जव्वु हार्र. अस-समाउ साफिया. अल-वादी जाफ्फ. अल-जिबालु बुन्निय्या. ला यह्तिलु-ल-मतर.’ दुसरे जुलैतले, पुढचे, म्हणजे हवा सौम्य, आकाश ढगाळ, वादी वाहती आणि डोंगर हिरवे असतील: ‘सयकूनु-ल-जव्वु मुअतदिलन. सतकूनु-स-समाउ गाइमतन. सयज्री-ल-वादी. सतकूनु-ल-जिबालु खद्राअन. सयकूनु हुनाक दबाबन कथीफन.’ शेवटच्या वाक्यात ‘तिथे दाट धुके असेल’ असे म्हणायचे आहे. एक शंका उरली: डोंगर अनेक असूनही विशेषण एकवचनी स्त्रीलिंगी का?

रेवा

दुसऱ्या चित्रातली पहिली तीन वाक्ये उत्तम आहेत. ‘मुअतदिलन’ला अलिफ येईल, ‘गाइमतन’ला येणार नाही, आणि ‘सयज्री’त स्वतःचे क्रियापद असल्यामुळे ‘यकूनु’ची गरजच पडली नाही.

डोंगरांचे म्हणाल तर माणसे सोडून इतर कशाचेही अनेकवचन अरबीत एकट्या स्त्रीसारखे वागते, म्हणून ‘बुन्निय्या’ आणि ‘खद्रा’. (बुन्निय्यामध्ये ‘बुन्न’ म्हणजे कॉफीचे दाणे आहेत, हे लक्षात ठेवले की रंग विसरत नाही.) मात्र ‘खद्राअन’ नको, फक्त ‘खद्राअ’. ‘खद्रा’, ‘सफ्रा’ अशी रंगांची स्त्रीलिंगी रूपे शेवटी ‘न’ घेतच नाहीत.

शेवटचे वाक्य मात्र पूर्ण फिरवावे लागेल. ‘सयकूनु हुनाक दबाबुन कथीफ’ असे हवे. इथे धुके हा स्वतःच कर्ता आहे. ‘तिथे’ हे त्याच्याविषयी सांगितलेले आहे. कर्त्याला क्रियापद हात लावत नाही, म्हणून ‘उन’ कायम राहतो, आणि ‘कथीफ’ हे त्या कर्त्याचे विशेषण असल्यामुळे तेही त्याच्यासारखेच राहते. ‘सयकूनु-द-दबाबु कथीफन’, म्हणजे ‘धुके दाट असेल’, असे लिहिले तर अलिफ येईल. वाक्यात ‘सयकूनु’ दिसले की डोळे मिटून अलिफ लावू नये. आधी कोणाविषयी काय सांगितले जात आहे ते पाहावे.

बांधावरचा

‘पाऊस पडायला हवा’ हे कसे म्हणतात ते कोणी सांगेल का? आमच्याकडे सध्या वर्तमान आणि भविष्य या दोन्हींपेक्षा त्याच वाक्याची जास्त गरज आहे.

नाईल_काठी

काका, ‘नर्जू अन यह्तिल-ल-मतर’ म्हणा, म्हणजे पाऊस पडावा अशी आम्ही आशा करतो. ‘लन’नंतर जसा ‘यह्तिल’ झाला होता तसाच तो ‘अन’नंतरही होतो. शेतकऱ्याला हवा असलेला पाऊस असेल तर ‘मतर’ऐवजी ‘गैथ’ म्हणावे. हा शब्द उपकारक पावसासाठीच वापरतात.

रेवा

‘नर्जू’ बरोबर आहे. ‘गैथ’ मात्र ‘यह्तिलु’बरोबर की ‘यन्जिलु’बरोबर अधिक शोभतो, यावर माझे आणि नाईल_काठींचे एकमत होईल असे वाटत नाही. मी ‘यन्जिलु’ म्हणेन.